गल्ली कबड्डी स्पर्धेचं घोषवाक्य कसं बनवायचं: जर्सीवर, बॅनरवर आणि तोंडात, तिन्हीकडं बसेल असं

सुगी उरकली की आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात कबड्डीच्या सामन्यांचे बॅनर लागायला सुरू होतात. नीट बघितलं तर निम्म्या बॅनरांवर एकतर "ले पंगा" असतं, म्हणजे टीव्हीवरच्या प्रो कबड्डीचं जसंच्या तसं उचललेलं, नाहीतर "नाद करायचा नाय", नाहीतर वाघाचं तोंड आणि खाली "एकच वादा". ही वाक्यं वाईट आहेत असं नाही, पण बॅनरवरचं कबड्डी पुसून क्रिकेट लिहा, काही फरक पडत नाही, गल्लीचं नाव बदला तरी काही फरक पडत नाही. मग ते वाचून तुमच्या गल्लीच्या पोराची छाती फुगणार कशी?

पहिल्यांदाच स्पर्धा घेणाऱ्या मंडळांच्या पोरांसाठी हे लिहितोय. एकच केस घेऊन शेवटपर्यंत जाऊया, म्हणजे समजायला सोपं पडेल. समजा बेळगाव शहरातल्या आठ गल्ल्यांची स्पर्धा आहे, भांदूर गल्ली, चव्हाट गल्ली, कोनवाळ गल्ली, वडगावची एक टीम, अनगोळची एक, अशा. मैदान मातीचं, सामने संध्याकाळी लाइटच्या उजेडात, आणि जर्सी आयोजकच देणार, सात आत खेळणारे आणि पाच बदली धरले तर टीमला बारा.

पहिलं काम कागद-पेन घेऊन बसायचं नाही, सरावाला जाऊन बसायचं. दोन-तीन संध्याकाळ कोपऱ्यात उभं राहून पोरं काय ओरडतात ते मोबाईलमध्ये टिपून घ्या. "धर धर", "पाय ओढ", "घोटा घे", "साखळी सोडू नको", "दम तोडला, दम तोडला", आणि सगळ्यात जास्त वेळा काय ऐकू येतं माहितीय, "रेघेला हात लावू देऊ नको!" तुमचा शब्दांचा माल हा आहे. वाघ, सिंह, तुफान, वादळ हे सगळं घरी बसून सुचतं म्हणून तर सगळ्यांनाच सुचतं.

ह्यातला रेघ हा शब्द मला सगळ्यात वजनदार वाटतो, का ते सांगतो. चढाई करणारा आत आला, चौघांनी त्याला धरून खाली पाडला, सगळे त्याच्यावर पडलेत, सामना संपल्यासारखा वाटतोय, आणि तेवढ्यात त्यानं पडल्या पडल्या हात लांब करून मधल्या रेघेला बोट टेकवलं, दम सुटला नसेल तर तो जिवंत आणि धरणारे चौघे बाहेर. चार पॉइंट गेले. उलट तोच हात रेघेपासून वितभर अलीकडं अडवून ठेवला की सगळं मैदान उठून नाचतं. म्हणजे गल्लीची सगळी इज्जत त्या फक्कीच्या पट्ट्यावर असते बघा. शिवाय आत येणाऱ्याला नुसतं येऊन परत जाता येत नाही, मधल्या रेघेपासून आतली जी निदान रेषा असते, पुरुषांच्या मैदानात ३.७५ मीटरवर, ती त्याला ओलांडावीच लागते, नाहीतर कुणाला तरी शिवावं तरी लागतं, तसं न करता परतला तर तोच बाद. म्हणजे ओलांडणं हेच कबड्डीचं मूळ काम. हा शब्द क्रिकेटला लावता येणार नाही, व्हॉलीबॉललाही नाही.

आता दुसरं, आणि इथंच बहुतेक मंडळं घोळ घालतात. स्पर्धेचं घोषवाक्य आणि टीमचं घोषवाक्य ही दोन वेगळी कामं आहेत. आठ गल्ल्या एकमेकांविरुद्ध खेळणार, प्रत्येकीला स्वतःची मिजास पाहिजे, पण बॅनर सगळ्यांचा मिळून एक आहे. "आम्हीच राजे" असं बॅनरवर लिहिलं तर बाकीच्या सात टीम म्हणणार की ही स्पर्धा आयोजकांच्या गल्लीनं आधीच जिंकून ठेवलीय, आणि "सगळे एक" असं लिहिलं तर जर्सी घालणाऱ्याला काही चेव येत नाही. म्हणून वाक्य दोन करायची, पण दोन्हींच्या मधी एक शब्द सारखा ठेवायचा म्हणजे दोन्ही एकाच घरची वाटतात. जर्सीच्या वाक्यात गल्लीच्या नावाची जागा मोकळी ठेवायची, ज्या टीमला द्यायचं तिचं नाव त्यात भरायचं.

आपल्या केसमधे आधी ही चार-पाच वाक्यं कागदावर आली:

"दम असेल तर ये" हे कुणीही म्हणतं, रिक्षाच्या मागं पण असतं, काढून टाकलं.

"पोरं आमची पोलादी" ऐकायला बरं, पण मुलींचा गट ठेवला की अडकलं, आणि आता बऱ्याच ठिकाणी मुलींचे सामने ठेवायलेत, त्यांच्या जर्सीवर काय पोरं लिहिणार?

"यायला वाट, जायला नाही" हे मला खरंच आवडलेलं, कबड्डीचं आहे, खुन्नस आहे. पण हे मैदानाच्या कमानीवर लागलं तर सामने बघायला आलेल्या माणसाला आपण काय सांगायलोय ते बघा. वाक्य कुठं लटकणार ते आधी डोळ्यासमोर आणायचं. आणि त्यात गल्लीचं नाव घालायला जागाही नाही.

"लोण चढवू" हे जुन्या खेळाडूंना भारी वाटतं, नव्या बघणाऱ्यांना लोण म्हणजे काय तेच माहिती नसतं, सगळी टीम बाद केली की मिळतो तो, दोन जादा पॉइंटांचा. बॅनरखाली समजावत कोण बसणार?

शेवटी जर्सीसाठी राहिलं ते असं:

भांदूर गल्लीची रेघ, ओलांडून बघ!

आणि स्पर्धेच्या बॅनरसाठी:

रेघ गल्लीची, दम गावाचा!

पहिल्यात मोकळी जागा आहे. चव्हाट गल्लीची रेघ, ओलांडून बघ. वडगावची रेघ, ओलांडून बघ. उद्या शहराबाहेरच्या टीम आल्या तरी उचगावची रेघ, कंग्राळीची रेघ, सगळं बसतं. नाव फार लांब असेल तर मात्र ओरडताना जीभ अडखळते, रामलिंगखिंड गल्लीची रेघ हे तुम्हीच जोरात एकदा म्हणून बघा. असल्या वेळी "गल्ली" गाळून टाकायची आणि त्या पोरांना विचारायचं की तुम्ही आपसात तुमच्या गल्लीला काय म्हणता, ते घालायचं. आपण आपल्या मनानं त्यांच्या नावाला कात्री लावायची नाही, गल्लीचं नाव हा भावनेचा विषय असतो, त्यावरून स्पर्धेच्या आधीच रुसवे-फुगवे होतात.

कुणीतरी हमखास म्हणणार की चढाई करणारा तर दुसऱ्याची रेघ ओलांडायला जातो, त्याच्या पाठीवर "ओलांडून बघ" कसं चालेल. चालतं. ते वाक्य त्या एकट्या पोराचं नाही, गल्लीचं आहे.

बॅनरवर "गावाचा" का आणि "बेळगावचा" का नाही, हे पण सांगून टाकतो. "रेघ गल्लीची, दम बेळगावचा" तालात जास्त चांगलं बसतं हे खरं, पण १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर नाव बेळगावी आहे, आणि रस्त्यावरच्या बॅनरवर कोणतं नाव लिहिलं ह्यावरून इथं काय काय होऊ शकतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. गल्लीच्या स्पर्धेत कन्नड बोलणारी पोरं पण असतात, आमच्या बाजूला तर एकाच टीममधे डावा कोपरा मराठी आणि उजवा कन्नड असं असतं, दोघं मिळून घोटा धरतात. सीमा हा शब्द, सीमाप्रश्न, भाषेचा वाद, हे जर्सीवर आणायचं नाही असं माझं स्पष्ट मत आहे, त्याची जागा वेगळी आहे. "गाव" म्हटलं की ज्याला जे गाव म्हणायचं ते म्हणू दे, आणि खानापूरकडच्या एखाद्या खेड्यात हीच स्पर्धा घेतली तरी वाक्य बदलावं लागत नाही.

बॅनरवर कन्नड लागणारच आहे, परवानगीचा अर्ज देताना पण ते बघतात. त्यात लोक काय करतात, मराठी वाक्य मोबाईलवर टाकून जे काय कन्नड येईल ते छापतात, आणि मग गल्लीतले कन्नडवाले हसतात. टीममधल्याच एखाद्या कन्नड पोराला बसवा, त्याला अर्थ सांगा आणि म्हणा तू तुझ्या भाषेत दम दे बघू. आपल्या वाक्याचं त्यांच्याकडून "नम्म गेरे, दाटि नोडु!" असं येऊ शकतं, आमची रेघ, ओलांडून बघ, तेवढंच छोटं आणि तेवढंच टोकदार. बॅनरवर अर्थातच ते कन्नड लिपीत, आणि मराठीच्या बरोबरीच्या आकारात, कोपऱ्यात बारीक टाकून नाही. प्रूफ आलं की कन्नड ओळ त्याच पोरानं वाचून हो म्हणायला पाहिजे, आपण नाही.

आता ओरडायची परीक्षा. कागदावर चांगलं वाटणारं वाक्य मैदानात मेलेलं असू शकतं.

एका टीमची चढाई संपली की दुसऱ्या टीमला पाच सेकंदांच्या आत आपला चढाईवाला पाठवावा लागतो. चढाई चालू असताना पंच त्याचा दम ऐकत असतो, "कबड्डी कबड्डी" तुटतंय का ते, त्यावेळी तुम्ही बोंबललात तर पंच वैतागतो आणि तुमच्याच पोराचा दम ऐकू येत नाही. म्हणजे ओरडायला मिळतो तो मधला तेवढाच वेळ. मोबाईलचं स्टॉपवॉच लावा आणि वाक्य पूर्ण ताकदीनं ओरडा, तीन सेकंदांत संपलं तर पास, चारच्या पुढं गेलं तर शब्द कमी करा. चार ओळींची कविता करून आणणारे असतात, त्यांना नमस्कार करून ती निवेदकाला द्या, त्याला उपयोगी पडेल.

दुसरं म्हणजे एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं असं वाक्य तुटतंय का बघा. आपलं तुटतं:

एकजण: भांदूर गल्लीची?
सगळे: रेघ!
एकजण: ओलांडून?
सगळे: बघ!

सगळ्यांच्या वाट्याला फक्त एक-एक शब्द आला, त्यामुळं ज्याला वाक्य माहिती नाही असा बघायला आलेला माणूस पण दुसऱ्या वेळेला सामील होतो. "रेघ" आणि "बघ" दोन्ही झटक्यात संपतात, त्यामुळं टाळी त्याच्यावर बरोबर पडते. लांबवायचं असेल तर शेवटी दीर्घ स्वर पाहिजे, "गावाचाऽऽ" असं ओढता येतं, म्हणून ते बॅनरवालं वाक्य निवेदकाच्या माईकसाठी आणि हे जर्सीवालं पोरांच्या तोंडासाठी. ऱ्हस्व अक्षरावर संपणारं वाक्य ओढायला गेलात तर रडल्यासारखं येतं, करून बघा.

आणि एक, रात्री दहानंतर स्पीकर बंद करावा लागतो, नियमच आहे देशभर, आणि आपली फायनल कधी वेळेत सुरू झालीय? सगळ्यात रंगलेला सामना बिनस्पीकरचा होतो. तेव्हा माईकशिवाय चालणारं वाक्य ही चैन नाही, गरज आहे.

"बघ" हे अरे-तुरे आहे म्हणून एखादे वडीलधारे हरकत घेतील. मैदानात अरे-तुरेच पाहिजे, "ओलांडून बघा" म्हटलं की पाहुण्यांना चहाला बोलावल्यासारखं होतं. पण निमंत्रण पत्रिकेवर, जी आमदारांना, नगरसेवकांना, जुन्या खेळाडूंना जाणार आहे, तिथं हे टाकू नका, तिथं बॅनरवालं वाक्य टाका.

आता छपाई. इथं पैसे जातात म्हणून सावकाश वाचा.

जर्सीवर वाक्य कुठं? सगळ्यांना छातीवर पाहिजे असतं, फोटोत दिसतं म्हणून. पण कबड्डी खेळणारा पोरगा ताठ उभा कधी असतो? गुडघ्यात वाकलेला, पुढं झुकलेला, छाती जमिनीकडं, पोटावर कापडाच्या चुण्या. बघणाऱ्याला दिसते ती पाठ. पाठीवर पण मधोमध नंबर येणार, तो पंचांसाठी, त्याला हात लावायचा नाही. म्हणून नंबरच्या वर, दोन्ही खांद्यांच्या मधल्या भागात, गल्लीचं नाव मोठ्यात आणि घोषवाक्य नंबरच्या खाली बारीक, असं करा. कमरेच्या फार जवळ नेऊ नका, तिथं धरतात आणि कापड ओढलं जातं, शिवाय जर्सी आत खोचली की अर्धं वाक्य चड्डीत जातं, "ओलांडून" बाहेर आणि "बघ" आत असं झालं की गंमत होते.

दुरून काय वाचता येतं ह्याचा एक ढोबळ हिशोब असतो, अक्षराची उंची एक इंच असेल तर साधारण दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. मैदान १३ बाय १० मीटर, त्याच्या कडेनं बघणारे, म्हणजे पलीकडच्या बाजूचा खेळाडू सहज चाळीस-पन्नास फुटांवर असतो. पाच इंचाची अक्षरं पाठीवर बसत नाहीत. मग सरळ मान्य करायचं की लांबून फक्त नंबर, रंग आणि फार तर गल्लीचं नाव कळणार, घोषवाक्य हे जवळच्यांसाठी आणि फोटोसाठी. हे एकदा मान्य केलं की वाक्य मोठं करण्यासाठी नाव बारीक करायचा मोह होत नाही.

देवनागरीची अजून एक गोष्ट, तिला वर पण मात्रा-वेलांट्या आहेत आणि खाली पण उकार आहेत. डिझाइनवाला तीन इंच उंची म्हणतो तेव्हा तो वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजतो, प्रत्यक्ष वाचायचं मधलं अक्षर त्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त असतं. हिशोब त्या मधल्या अक्षराचा धरा. आणि दोन ओळी केल्या तर मधी जागा सोडायला सांगा, आपल्या केसमधे वरच्या ओळीत "भांदूर" आहे, त्याच्या दू चा उकार खाली येतो, आणि त्याच्याच खाली दुसऱ्या ओळीतल्या "ओलांडून" ची मात्रा आणि अनुस्वार वर येतात, ओळी जवळ घेतल्या की हे सगळं एकमेकांत घुसतं आणि छापल्यावर तिथं नुसता गोळा दिसतो. चव्हाट गल्लीच्या जर्सीत हा प्रॉब्लेम येणारच नाही, म्हणून एका टीमचं डिझाइन पास करून बाकी सात तसंच सोडून द्यायचं नाही, आठही बघायचे.

छपाईच्या प्रकारात डोकं फार घालू नका, एवढंच लक्षात ठेवा की वर चिकटवलेलं अक्षर कबड्डीत टिकत नाही. पाठीला हात घालून ओढतात, माती घासते, घाम, धुणं, दोन सामन्यांत "घ" चा पाय निघतो. सब्लिमेशनमधे रंग कापडातच उतरतो, निघत नाही, पण त्याला पॉलिएस्टरच कापड लागतं आणि गडद रंगाच्या तयार जर्सीवर ते होत नाही, पांढऱ्या कापडावर पूर्ण डिझाइन छापून मग शिवतात. अक्षराचा रंग ठरवताना मातीचा रंग बघा. खानापूरकडं तांबडी माती, तिथं तांबडी-केशरी अक्षरं पहिल्या हाफमधेच दिसेनाशी होतात, येळ्ळूरकडं काळी माती, तिथं पांढऱ्या जर्सीवरचं काळं अक्षर आणि चिखलाचा डाग ह्यात फरक कळत नाही. गडद निळ्यावर पिवळं, गडद हिरव्यावर पांढरं, असलं काहीतरी घ्या की दोन्हीकडं सुटतं.

बॅनरचा हिशोब वेगळा. तो रस्त्यावरून, गाडीवरून, शंभर फुटांवरून वाचता आला पाहिजे, म्हणजे मधलं अक्षर दहा इंचाचं. "रेघ गल्लीची, दम गावाचा" ह्यात दहा अक्षरं आहेत, कान्या-वेलांट्यांची रुंदी आणि मधल्या जागा धरल्या तर साधारण चौदा अक्षरांएवढी लांबी होते, म्हणजे १४० इंच, साडेअकरा फुटांच्या वर. नेहमीचा दहा फुटी बॅनर घेतला तर एका ओळीत बसत नाही. मग डिझाइनवाला काय करतो, तुम्हाला न विचारता अक्षरं दाबून बारीक करतो. त्यापेक्षा आपणच तोडायचं, "रेघ गल्लीची" वर आणि "दम गावाचा" खाली, प्रत्येक ओळ सहा फुटांत बसते. मात्रा-वेलांट्यांसकट एका ओळीला दीड फूट उंची धरा, दोन ओळींचे तीन फूट. कन्नड ओळींना बरोबरीची जागा द्यायची म्हणजे अजून तीन, आणि तारीख-ठिकाणाला एक फूट. दहा बाय चारचा बॅनर घ्यायचा विचार असेल तर इथंच कळतं की तो पुरत नाही, दहा बाय सात-आठ घ्या, नाहीतर मराठी आणि कन्नड असे दोन वेगळे बॅनर शेजारी-शेजारी लावा.

ह्या सगळ्यात फोटोंना जागा कुठं राहिली? नाहीच राहिली, आणि खरी लढाई तिथं असते. वर्गणी देणारे, शुभेच्छुक, त्यांचे वाढदिवस, प्रत्येकाचा पासपोर्ट फोटो, असं करत करत घोषवाक्य खाली एका पट्टीत जातं आणि स्पर्धा कबड्डीची आहे हेच कळत नाही. मिटिंगमधे पहिल्याच दिवशी ठरवून टाका की शुभेच्छुकांचा बॅनर वेगळा, मैदानाच्या आत, निवेदकाच्या मागं, जिथं बक्षीस समारंभाचे फोटो निघतात. त्यांना पण तेच बरं पडतं, तिथं फोटो जास्त निघतात. हे वर्गणी घेण्याच्या आधी सांगायचं, नंतर नाही.

अजून एक, कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकच्या फ्लेक्सवर बंदी आहे. लागलेले दिसतात म्हणून आपण पण लावायचे असं करू नका, महानगरपालिका किंवा पंचायत काढायला आली की तुमचाच आधी जाणार, तोही सामन्याच्या आदल्या दिवशी. कापडी बॅनर घ्या. कापडावर रंग थोडा पसरतो, म्हणून बारीक दांडीचा फॉन्ट आणि अक्षराभोवती नाजूक किनार असलं डिझाइन नको, जाड आणि साधं अक्षर पाहिजे, नाहीतर "घ" आणि "ध" मधला फरक लांबून जातो आणि रेघ च्या जागी रेध दिसतं. कापड वाऱ्यानं फुगतं, चारी कोपऱ्यांना आणि वरच्या कडेला मधी-मधी दोरी ओवायला छिद्रं करून मागा.

मजकूर पाठवताना काय होतं ते सांगतो, कारण चुका इथंच जास्त होतात. तुम्ही व्हॉट्सॲपवर मराठीत टाईप करून पाठवता, प्रिंटिंगवाल्याकडं जुनं सॉफ्टवेअर असतं, त्यात पेस्ट केलं की जोडाक्षर फुटतं. "गल्लीची" मधला ल्ली सुटा होतो आणि पाय मोडलेला ल वेगळा दिसतो, हीच खूण, ती दिसली की समजायचं त्याच्याकडं फॉन्ट नीट लागलेला नाही. मग तो म्हणतो मी हातानं टाईप करतो, आणि हातानं करताना "ओलाडून" होतं, अनुस्वार गेला, नाहीतर "गल्लिची" होतं. आपल्याकडचे बरेच डिझाइनवाले कन्नडमधे पक्के असतात, मराठी वाचतात पण चूक डोळ्याला लागत नाही, त्यांचा दोष नाही तो. म्हणून मजकूर टाईप करून पण पाठवा आणि शाईपेननं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्याचा फोटो पण पाठवा, म्हणजे त्याला बघून जुळवता येतं. प्रूफ पीडीएफमधे मागा, व्हॉट्सॲपवरच्या फोटोत अनुस्वाराचा टिंब आहे की नाही तेच कळत नाही.

प्रूफ वाचणारा माणूस वाक्य बनवणारा नको. ज्यानं बनवलंय त्याला ते पाठ असतं, तो छापलेलं वाचतच नाही, मनातलं वाचतो. गल्लीतल्या एखाद्या बाईंना दाखवा, शाळेत शिकवणाऱ्या असतील तर उत्तमच, आणि त्यांना वाक्य काय आहे ते आधी सांगू नका, तुम्हीच वाचा म्हणा. आठ टीमच्या आठ नावांचा कागद वेगळा करा, प्रत्येक नावासमोर त्या टीमच्या कॅप्टनची सही घ्या की आमच्या गल्लीचं नाव असंच लिहायचं. हे कोर्टकचेरीसारखं वाटेल, पण शहाण्णव जर्सी आल्यावर "आमचं चव्हाट आहे, तुम्ही चव्हाटा केलंय" हे ऐकण्यापेक्षा सही घेतलेली बरी.

सगळ्या एकदम छापू नका. एका टीमची एक जर्सी आधी करून घ्या, ती सरावात घालायला द्या, दोघांना त्या पोराला धरून पाडायला सांगा, मातीत लोळू दे, मग पन्नास फुटांवर उभं राहून बघा काय दिसतंय. मग ती धुवा आणि परत बघा. नाव दिसलं, रंग सुटला, शिवणीवर अक्षर तुटलं नाही, तरच बाकीच्यांची ऑर्डर. शिवणीचं विशेष बघा, मोठ्या मापाच्या जर्सीत डिझाइन बरोबर बसतं आणि लहान मापात तेच डिझाइन बाजूच्या शिवणीत जातं, "भांदूर" चा भां आणि शेवटचा र दोन्ही काखेत. लहान मापासाठी अक्षरं थोडी लहान करून वेगळी फाईल करायला सांगायची.

जर्सीवर साल आणि "पर्व पहिले" असलं काही छापू नका, ते बॅनरवर चालतं. जर्सीवर फक्त गल्ली, नंबर आणि घोषवाक्य ठेवलं तर पोरं पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या सामन्यांना जाताना तीच घालून जातात. आणि प्रत्येक टीममागं दोन जर्सी बिननंबरच्या जादा करून ठेवा, फायनलला कुणाचीतरी फाटतेच.